पार्श्वभूमी: ‘निव्वळ स्तनपाना’चा आकडा नक्की काय मोजतो?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) सहा महिन्यांखालच्या बाळांपैकी निव्वळ स्तनपान मिळणाऱ्यांचं प्रमाण देशात ६३.७ टक्के आणि महाराष्ट्रात ७१ टक्के आलं. चौथ्या फेरीत (२०१५-१६) हेच आकडे अनुक्रमे ५४.९ आणि ५६.६ होते. वाढ चांगली आहे. पण बातम्यांत आणि सरकारी सादरीकरणांत हा आकडा ‘इतक्या टक्के माता सहा महिने फक्त अंगावरचं दूध पाजतात’ असा वाचला जातो, आणि तो तसा नाही. तो तसा का नाही, हे कळायला मागच्या चाळीसेक वर्षांत डोकवावं लागतं.

१९७९ साली जिनिव्हात झालेल्या जागतिक बैठकीने सांगितलं की चार ते सहा महिन्यांपर्यंत बाळाला आईच्या दुधाखेरीज कशाची गरज नसते. त्याआधी कितीतरी देशांत तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच वरचं खाणं सुरू करायचा रिवाज होता, त्यामुळे हीसुद्धा मोठी मजल होती. पण ‘चार ते सहा’ या शब्दरचनेत सगळ्यांची सोय होती. डब्यातला बाळआहार विकणाऱ्यांनी त्यातला ‘चार’ उचलला. भारतात १९९२ साली बाळआहार आणि दूधबाटल्यांच्या विक्रीवर कायदा आला, त्यातही चार महिन्यांचीच मर्यादा होती. ती सहा झाली २००३ च्या दुरुस्तीने.

दरम्यान पुरावा साचत होता. ब्राझीलमधल्या पेलोटास आणि पोर्तो अलेग्री या शहरांत बालमृत्यूंचा अभ्यास झाला. वरचं दूध न घेता अंगावर पिणाऱ्या बाळांच्या तुलनेत, अंगावरून पूर्ण तोडलेल्या बाळांना जुलाबाने मरण येण्याचा धोका १४.२ पट आणि श्वसनाच्या संसर्गाने ३.६ पट निघाला. दोन्ही दुधं घेणारी बाळं या दोघांच्या मध्ये होती. त्यांचा जुलाबाने मरण्याचा धोका ४.२ पट. म्हणजे ‘थोडं अंगावरचं, थोडं वरचं’ ही मधली वाट पूर्ण संरक्षण देत नाही.

पण खरा पेच पाण्याचा होता. आपल्याकडे उन्हाळ्यात बाळाचा घसा सुकेल म्हणून चमचाभर पाणी द्यायला आजीपासून दवाखान्यापर्यंत कुणाची हरकत नसे. पेरूमधल्या लिमा शहराच्या एका गरीब वस्तीत दिसलं की आईच्या दुधासोबत नुसतं पाणी किंवा पाला उकळून केलेला चहा घेणाऱ्या लहान बाळांना निव्वळ अंगावर पिणाऱ्यांपेक्षा साधारण दुप्पट जुलाब होतात. मग तहानेचं काय? याचं उत्तर दिल्लीत भर उन्हाळ्यात शोधलं गेलं. फक्त अंगावर पिणारी आणि सोबत पाणी घेणारी अशा दोन गटांतल्या बाळांची लघवी तपासली. पाणी न घेणाऱ्यांची लघवी मूत्रपिंडाच्या आवाक्याबाहेर घट्ट झालेली नव्हती. आईच्या दुधात ८७-८८ टक्के पाणीच असतं, बाळ तहानेनुसार जास्त वेळा ओढतं, आणि भागतं.

हे संरक्षण दोन वाटांनी येतं. पहिली दुधातल्या घटकांची. आईच्या आतड्याशी जे जंतू आले त्यांच्याविरुद्धची प्रतिपिंडं तिच्या दुधात उतरतात आणि बाळाच्या आतड्याच्या अस्तरावर पहारा देतात. म्हणजे ज्या घरातले जंतू, त्याच घरासाठी तयार झालेलं संरक्षण. शिवाय दुधात काही जटिल शर्करा असतात. त्या बाळाला पचत नाहीत, पण उपयोगी जीवाणूंना पोसतात आणि घातक जंतूंना अस्तराला चिकटू देत नाहीत. दुसरी वाट साधी आहे. जे तोंडात गेलंच नाही, त्यातून जंतूही जात नाहीत. पाणी, वाटी, चमचा, बाटलीचं बूच यातलं काहीच मध्ये येत नाही. पाण्याने पोट भरलं की बाळ तेवढं कमी ओढतं, आणि कमी ओढलं की दूध कमी येतं. ‘दूध पुरत नाही’ या तक्रारीपैकी बऱ्याच तक्रारींची सुरुवात अशा चमच्यापासून होते, असं माझं मत आहे.

आता मुख्य वाद: चार की सहा? पहिला भरीव पुरावा होंडुरासमधून आला. तिथल्या गरीब मातांच्या बाळांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी केली. काहींना १६ व्या आठवड्यापासून स्वच्छ, तयार केलेला वरचा आहार दिला, काहींना २६ व्या आठवड्यापर्यंत फक्त आईचं दूध. वरचा आहार घेणाऱ्यांचं वजन वा उंची जास्त वाढली नाही, कारण जेवढं वरून गेलं जवळपास तेवढं दूध त्यांनी कमी प्यायलं. आणि तो आहार तर जंतूविरहित होता. घरच्या वाटीतला असता तर ताळेबंद तोट्यातच गेला असता. मग बेलारूसमधल्या १७,००० हून अधिक बाळांच्या मोठ्या अभ्यासात तीन महिने आणि सहा महिने निव्वळ अंगावर प्यायलेल्यांची तुलना झाली. सहा महिनेवाल्यांना तिसऱ्या ते सहाव्या महिन्यादरम्यान पोटाचे संसर्ग बरेच कमी झाले.

या सगळ्याचा आढावा घेऊन मार्च २००१ मध्ये तज्ज्ञांची बैठक बसली, आणि त्याच वर्षी मे महिन्यात जागतिक आरोग्य सभेने ‘सहा महिने’ असा ठराव केला. विरोध होता आणि तो सगळाच धंदेवाईक नव्हता. एक मुद्दा लोहाचा. आईच्या दुधात लोह फार थोडं असतं. बाळ जन्माच्या वेळी यकृतात जमवलेल्या साठ्यावर जगतं आणि पुरेशा वजनाच्या बाळाचा हा साठा सुमारे सहा महिने टिकतो. होंडुरासच्या बाळांतही निव्वळ दूधवाल्यांचं लोह थोडं खालीच दिसलं होतं. कमी वजनाच्या बाळांना तर साठाच तोकडा, त्यांना लोहाचे थेंब आधीपासून लागतात. म्हणून तज्ज्ञांनी ही शिफारस लोकसंख्येसाठी आहे, एखाद्या बाळाची वाढ अडली तर त्याचा वेगळा विचार करावा, अशी पुस्ती जोडली होती. पुढे ती पोस्टरवरून गळाली. श्रीमंत देशांत ‘चार ते सहा’चा वाद २०११ मध्ये पुन्हा पेटला. पण जिथे जुलाब अजून बाळं नेतात तिथे सहाच्या बाजूचं पारडं जड आहे, याबद्दल मला शंका नाही.

ठराव झाला, पण मोजायचं कसं? जागतिक आरोग्य संघटनेने १९९१ मध्ये ठरवलेला निर्देशांक चार महिन्यांखालच्या बाळांचा होता. नंतर तो सहा महिन्यांखालच्यांचा झाला. त्यामुळे आपल्या दुसऱ्या पाहणीतले ५५ टक्के (१९९८-९९, चार महिन्यांखाली) आणि तिसऱ्या पाहणीतले ४६ टक्के (२००५-०६, सहा महिन्यांखाली) शेजारी ठेवून ‘घट झाली’ म्हणणं चूक आहे. लहान बाळांत हे प्रमाण नेहमीच जास्त असतं.

त्याहून मोठी गोम प्रश्नात आहे. पाहणीत विचारतात, ‘काल दिवसभरात आणि रात्री बाळाला काय काय दिलं?’ पाणी, दुसरं दूध, पेज यातलं काही नसेल तर बाळ ‘निव्वळ स्तनपान’ गटात. औषध, जीवनसत्त्वाचे थेंब आणि जलसंजीवनी चालते. परवा दिलेलं पाणी दिसत नाही, उद्या देणार असलेलं अर्थातच नाही.

समजा एका तालुक्यात ६० बाळं आहेत, प्रत्येक महिन्याच्या वयाची दहा. पहिल्या महिन्यातली ९ फक्त अंगावर पितात, दुसऱ्यातली ८, तिसऱ्यातली ७, चौथ्यातली ६, पाचव्यातली ४ आणि सहाव्यातली २. एकूण ३६, म्हणजे ६० टक्के. अहवालात ६० छापलं जाईल. पण सहा महिन्यांच्या उंबरठ्यावर पोचेपर्यंत टिकलेली दहातली दोनच, आणि त्या दोघांनाही मधे कधी पाणी मिळालं नसेलच असं नाही. स्वीडनमधल्या उप्साला शहरात मातांनी रोजची नोंद ठेवली तेव्हा चार महिन्यांच्या वयाला चोवीस तासांच्या हिशोबाने ७३ टक्के बाळं निव्वळ स्तनपानावर होती. जन्मापासूनच्या हिशोबाने फक्त ३० टक्के.

तरीही चोवीस तासांचाच प्रश्न ठेवला, कारण आईला काल आठवतो. पाच महिन्यांमागचं विचारलं की उत्तर आरोग्यसेविकेने शिकवलेलं येतं.

महाराष्ट्रात यात बाळगुटी येते. सहाणेवर वेखंड, हळकुंड, मुरडशेंग, जायफळ, खारीक, बदाम यांचे एक-दोन वेढे उगाळून ते चाटण आंघोळीनंतर बाळाला देतात. घरच्यांच्या लेखी ते औषध, म्हणून ‘काही वरचं दिलं का?’ याला उत्तर ‘नाही’. निर्देशांकाच्या जुन्या वर्गवारीत पाणी आणि परंपरेने दिली जाणारी पेयं ‘मुख्यत्वे स्तनपान’ या वेगळ्या गटात जात, ‘निव्वळ’मध्ये नाही. गुटी त्यात मोडते की औषधात, हे शेवटी प्रश्न विचारणारी बाई ठरवते. आईच्या दुधात उगाळली तरी सहाण आणि बोट स्वच्छ आहे का, हा प्रश्न उरतोच. ‘मुख्यत्वे’ हा गट संघटनेच्या २०२१ च्या सुधारित यादीत निर्देशांक म्हणून राहिलाच नाही. त्याऐवजी आईच्या दुधासोबत दुसरं दूध घेणारी बाळं वेगळी मोजायचं ठरलं, तसंच जन्मानंतरच्या पहिल्या दोन दिवसांत मध-साखरपाणी न देता फक्त चीक आणि दूध मिळालं का हेही.

सहा महिने भरल्यावरचे निर्देशांक तुलनेने नवे आहेत आणि चित्र तिथे जास्त वाईट आहे. सहा ते आठ महिन्यांत बाळाला आईच्या दुधाशिवाय रोज सुमारे २०० उष्मांक लागतात, नऊ ते अकरामध्ये ३००. पाचव्या पाहणीत देशात सहा ते आठ महिन्यांच्या बाळांपैकी आईच्या दुधासोबत वरचं खाणं सुरू झालेली ४५.९ टक्केच होती. सहा ते २३ महिन्यांच्या मुलांत पुरेसा आहार मिळणारी ११.३ टक्के. ‘पुरेसा’ म्हणजे वेळाही पुरेशा आणि अन्नगटही.

नऊ महिन्यांचं एक बाळ घ्या: अंगावरचं दूध, वरण-भात, वर तूप, दुपारी दही, संध्याकाळी बिस्कीट. २०२१ च्या यादीतल्या नव्या नियमाने आठपैकी पाच अन्नगट हवेत. आईचं दूध एक, भात एक, डाळ एक, दही एक. झाले चार. तूप आणि बिस्कीट गटात धरतच नाहीत. बाळ नापास. त्याच भातात लाल भोपळ्याचा घोटलेला तुकडा गेला किंवा अर्धं अंडं, की पास. जुन्या नियमात आईचं दूध गट नव्हतं आणि सातपैकी चार गट लागत, त्यामुळे अंगावर पिणाऱ्या मुलांसाठी दोन्ही नियम प्रत्यक्षात एकच. फरक पडतो तो अंगावरून तोडलेल्या मुलांना: त्यांना आता त्याच सात गटांतून पाच जमवावे लागतात. देशाची पाचवी पाहणी जुन्या, चार गटांच्या हिशोबावर छापली आहे. पुढच्या फेरीत नवा नियम लावला तर अंगावर न पिणाऱ्यांचा अन्नगटांचा आकडा खाली येईल, आणि त्यातला काही भाग केवळ नियमामुळे असेल.