घसर मोजायची कशी? एबीएस आणि ईएससी यांची पार्श्वभूमी

बेळगावहून जांबोटीमार्गे चोर्ला घाटाकडे जाताना पावसाळ्यात उतारावरची तांबडी माती वाहून रस्त्यावर येते आणि वळणाच्या कडेला तिचा निसरडा थर बसतो. तिथे ब्रेक दाबला, की डावी चाके मातीवर आणि उजवी डांबरावर असतात. गाडी त्यानंतर कुठे जाईल, हे प्रत्येक चाक किती घसरते यावर ठरते. पण ही घसर थेट मोजणारा सेन्सर गाडीत नसतो. ती अनुमानाने काढावी लागते, आणि ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी एबीएस व गाडीला वळणाबाहेर भरकटू न देणारी ईएससी या दोन्ही यंत्रणा याच अनुमानाच्या प्रश्नातून घडत गेल्या आहेत.

गाडी ताशी 72 किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला 20 मीटरने जात असताना चाकाची कड सेकंदाला 16 मीटरनेच फिरत असेल, तर घसर 20 टक्के झाली. डांबरावर ब्रेकची पकड साधारण 10 ते 20 टक्के घसरीच्या दरम्यान सर्वाधिक असते. चाक पूर्ण जाम झाले, की आडवी पकड जवळजवळ संपते आणि स्टिअरिंग कितीही फिरवले तरी गाडी सरळच जात राहते.

पहिला उपाय विमानांसाठी झाला. डनलॉपच्या 1950 च्या दशकातील ‘मॅक्सारेट’मध्ये चाकाबरोबर फिरणारे एक लहान जडचक्र होते, चाकाचा वेग एकाएकी उतरला, की जडचक्र पुढे धावायचे आणि त्या फरकाने झडप उघडून ब्रेकचा दाब सुटायचा. 1966 च्या जेन्सन एफएफ या मोटारीतही हीच यांत्रिक पद्धत होती. 1978 मध्ये बॉश आणि मर्सिडीजने एस-क्लासमध्ये इलेक्ट्रॉनिक एबीएस आणले. त्यात चाकाजवळच्या दातेरी कड्यावरून सेन्सर स्पंदने घेतो, आणि चाकाचा वेग अशक्य वाटावा इतक्या झपाट्याने उतरू लागला, तर यंत्रणा त्या चाकाचा दाब आधी रोखते, मग सोडते आणि चाक सावरल्यावर पुन्हा वाढवते. हे चक्र सेकंदात अनेकदा चालते. पायाखाली पेडल थरथरते ते त्यामुळेच.

खरी अडचण गाडीच्या वेगाची आहे. तो चाकांवरूनच काढायचा, आणि चारही चाके एकदम घसरू लागली तर तुलना करायची कशाशी? म्हणून चाकांच्या नोंदींवरून एक संदर्भवेग काढला जातो आणि तो भौतिकदृष्ट्या शक्य त्यापेक्षा जास्त झपाट्याने उतरू दिला जात नाही. शिवाय एबीएसला एक गोष्ट अजिबात दिसत नाही: गाडी कोणत्या दिशेला वळते आहे.

ही उणीव 1995 मध्ये एस-क्लासच्या कूपेमध्ये आलेल्या ईएसपीने, म्हणजे आजच्या ईएससीने भरून काढली. त्यात स्टिअरिंगचा कोन, गाडी स्वतःभोवती फिरण्याचा दर आणि आडवा प्रवेग मोजणारे सेन्सर आले, आणि चालकाने पेडल न दाबताही एखाद्या चाकाला पंपाने दाब देण्याची सोय झाली. 1997 मध्ये स्वीडनमधील एका चाचणीत ए-क्लास उलटल्यानंतर मर्सिडीजने त्या लहान गाडीतही ती सरसकट बसवली.

आता घाटातले ते वळण घेऊ. ते उजवीकडचे आहे, त्रिज्या 60 मीटर आणि वेग ताशी 54 किलोमीटर, म्हणजे सेकंदाला 15 मीटर. वेगाला त्रिज्येने भागले, की गाडीने सेकंदाला सुमारे 14 अंश फिरायला हवे असे निघते. सेन्सर 20 अंश सांगत असेल, तर मागचा भाग बाहेर चालला आहे. अशा वेळी ईएससी पुढच्या बाहेरच्या, म्हणजे डाव्या चाकाला ब्रेक लावून गाडीला उलट पीळ देते. (गाडी वळायलाच तयार नसेल, तर आतले मागचे चाक धरले जाते.) आणि इथेच दोन्हींचे काम एकमेकांत गुंफले जाते. ईएससी त्या चाकाची किती घसर हवी ते ठरवते, आणि ती घसर राखण्याचे काम एबीएसच्या त्याच झडपा करतात. ते डावे चाक नेमके तांबड्या मातीवर असेल, तर थोड्याशा दाबानेच जाम होऊ लागते. मग दाब उतरवावा लागतो, पीळ कमी पडतो आणि ईएससीला इंजिनचा जोर कमी करून भागवावे लागते. हाच वेग ताशी 72 किलोमीटर असता, तर वळणासाठी सेकंदाला सुमारे 6.7 मीटर प्रतिसेकंद इतका आडवा प्रवेग लागला असता, आणि तेवढी पकड ओल्या, मातकट रस्त्यावर नसते. असलेली पकड चार चाकांत शहाणपणाने वाटणे एवढेच या यंत्रणांना जमते. नसलेली निर्माण करता येत नाही.

एवढे सगळे एका क्षुल्लक वाटणाऱ्या भागावर उभे आहे. पुष्कळ नव्या गाड्यांत दातेरी कड्याऐवजी चाकाच्या बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्येच चुंबकीय कडे असते. आमच्या गाडीचे बेअरिंग बदलताना एका गॅरेजमध्ये ते उलटे बसले. दोन्ही बाजू डोळ्यांना सारख्याच दिसतात, पण त्या चाकाचा वेग शून्यच येऊ लागला आणि एबीएस व ईएससी दोन्हींचे दिवे एकदम लागले. साधा ब्रेक पूर्वीसारखाच लागत होता. सीलजवळ लोखंडाचा बारीक चुरा किंवा टाचणी नेली, की चुंबकीय बाजू कोणती ते बसवण्याआधीच कळते. ती सेन्सरच्या बाजूला यायला हवी.