दारू आणि अँग्झायटी: दोन्हींवर एकत्र उपचार

दारूचं व्यसन आणि पॅनिक अटॅक किंवा सततची काळजी एकाच माणसाला असेल तर दोन्हींवर सोबतच उपचार करायची ही पद्धत. घरच्यांचं ठाम मत असतं की आधी दारू सोडू दे, बाकी आपोआप बसेल. काहींचं बसतंही, पण सगळ्यांचं नाही.

समजा ठाण्याचा एक माणूस आहे. विशीत लोकलच्या गर्दीत पहिला अटॅक आला, छातीत धडधड, आता मरतो असं वाटलं, ईसीजी मात्र नॉर्मल. पुढे कळलं की क्वार्टर लावली की धडधड थांबते, मग ती रोजचीच झाली. आता गोची अशी की दारू मेंदूतला ब्रेक दाबून धरते, आणि रोज आयता ब्रेक मिळाला की मेंदू स्वतःचा ब्रेक सैल करतो, म्हणून सकाळी उतरली की हात थरथरतात, घाम येतो, जीव घाबरतो. ते शमवायला परत घोट. म्हणजे एक घाबरणं जुनं आणि दुसरं दारूनेच तयार केलेलं, आणि आतून दोन्ही सारखीच वाटतात!

रोज भरपूर पिणाऱ्याने घरीच एकदम बंद करू नये, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, नंतर भ्रम होऊ शकतो. डॉक्टर दारूऐवजी मेंदू शांत ठेवणारी क्लोरडायझेपॉक्साइडसारखी गोळी देतात आणि ती साधारण आठवड्याभरात कमी करत बंद करतात, सोबत थायमिन म्हणजे बी-१ व्हिटॅमिन. तीच गोळी पुढे चालू ठेवली तर दारूच्या जागी तिची सवय लागते.

दारूने आलेली घबराट बहुतेकदा तीन-चार आठवड्यांत बरीच ओसरते. आपल्या माणसाची थरथर गेली, झोप लागायला लागली, पण महिन्यानंतरही तो प्लॅटफॉर्मवर उभा राहून तीन लोकल सोडतो. हे जुनं दुखणं. इथे पहिला अटॅक दारूच्या आधीचा होता, हे माहीत असेल तर महिनाभर थांबायचीही गरज नसते.

त्यासाठी सर्ट्रालिन ही अँग्झायटीची गोळी, सुरुवात २५ मिलिग्रॅमने. पहिल्या काही दिवसांत उलट अस्वस्थता वाढू शकते, गुण यायला २ ते ६ आठवडे लागतात, आणि नेमकं याच काळात लोक गोळी सोडून बाटली धरतात. सोबत सीबीटी, म्हणजे भीतीचे विचार आणि वागणं सरावाने बदलायची थेरपी: स्ट्रॉमधून श्वास घेऊन मुद्दाम धडधड आणायची, ती आपोआप उतरते हे बघायचं, मग ठाणे ते मुलुंड एकच स्टेशन, न पिता. नुसती अँग्झायटीची गोळीही पुरत नाही, सोशल अँग्झायटी असलेल्यांवरच्या २००८ च्या एका अभ्यासात पॅरॉक्सेटिन या तशाच गोळीने भीती कमी झाली पण पिणं कमी झालं नाही. म्हणून तलफेसाठी वेगळं औषध, बऱ्याचदा नाल्ट्रेक्सोन, लिव्हर तपासून आणि माणूस अफूजन्य औषधं घेत नाही ना हे बघून.

परत प्यायला तर डॉक्टर ओरडण्याआधी कधी प्यायला ते विचारतात. प्रवासाच्या आदल्या रात्री असेल तर लोकलचा सराव वाढवतात, पगाराच्या दिवशी मित्रांसोबत असेल तर तलफेची बाजू बघतात.