रात्रीचं पाय दुखणं: रूमॅटिक तापाच्या धास्तीपासून आजच्या निकषांपर्यंत

दिवसभर हुंदडलेलं मूल रात्री पोटऱ्या धरून रडत उठतं आणि सकाळी काहीच झालं नसल्यासारखं पळायला लागतं. या तक्रारीला 'वाढीचं दुखणं' हे नाव १८२३ मधल्या एका फ्रेंच वैद्यकीय लेखनापासून चिकटलं, असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. तेव्हा क्ष-किरण नव्हते आणि रक्ताच्या आज नेहमीच्या असलेल्या तपासण्याही नव्हत्या. त्यामुळे हाडाचा जंतुसंसर्ग, मुडदूस, क्षयानं धरलेला सांधा अशी बरीच खरी आजारपणंही या एका नावाखाली जात असणार. पुढची शंभर वर्षं या नावात फारशी भर पडली नाही. खरी उलथापालथ विसाव्या शतकात झाली, तीही हृदयाच्या एका आजारामुळे.

तो आजार म्हणजे रूमॅटिक ताप. घशाच्या एका विशिष्ट जंतुसंसर्गानंतर दोन-तीन आठवड्यांनी येणारा हा ताप सांधे सुजवतो आणि पुष्कळदा हृदयाच्या झडपा कायमच्या खराब करतो. पेनिसिलीनच्या आधीच्या काळात त्याची दहशत एवढी होती की पाय दुखतात म्हणणाऱ्या कुठल्याही मुलाकडे 'सौम्य रूमॅटिक' म्हणूनच पाहिलं जाई. सॅलिसिलेट, म्हणजे अॅस्पिरिनच्या कुळातली औषधं, दिली की दुखणं थांबे आणि निदान बरोबर होतं असा समज पक्का होई. ही औषधं कुठलंही दुखणं कमी करतात, हे त्यात विसरलं जाई. अशा मुलांना महिनोन् महिने अंथरुणात पडून राहायला लावलं जायचं. हृदय वाचवण्याच्या नावाखाली धडधाकट मुलांचं खेळणं आणि शाळा बंद व्हायची.

१९३० च्या दशकात काही डॉक्टरांनी दोन्ही प्रकारची मुलं शेजारी ठेवून पाहिली. रूमॅटिक तापातला सांधा सुजतो, गरम लागतो, हलवला की मूल ओरडतं. दुखणं आज गुडघ्यात तर दोन दिवसांनी घोट्यात असं फिरतं, आणि ते दिवसाही असतं. रात्री पोटऱ्या दुखणाऱ्या मुलांचे सांधे मात्र साफ असत, ताप नसे, आणि त्यांचं हृदयही पुढे ठणठणीत राही. दोन दुखणी वेगळी आहेत हे या तुलनेनं दाखवून दिलं. १९४४ मध्ये रूमॅटिक तापाचे स्वतंत्र निकष आले आणि वाट आणखी स्पष्ट झाली.

जुनी भीती एका तपासणीच्या रूपानं मात्र टिकून राहिली. एएसओ टायटर ही रक्ताची तपासणी घशातल्या त्या जंतूविरुद्ध शरीरात प्रतिद्रव्यं तयार झाली आहेत का, एवढंच सांगते. शाळकरी मुलांचे घसे वरचेवर बिघडतात, त्यामुळे निरोगी मुलांतही हा आकडा वाढलेला सापडतो. ज्याचे सांधे सुजलेले नाहीत, ज्याला ताप नाही, अशा मुलात केवळ वाढलेल्या एएसओवरून रूमॅटिक ताप ठरत नाही. तरीही रात्रीच्या पायदुखीसाठी ही तपासणी होते, आकडा वर येतो आणि घरचे घाबरतात.

रूमॅटिक तापापासून सुटका झाली तरी या दुखण्याची स्वतःची व्याख्या नव्हती. ती १९५१ च्या एका ब्रिटिश पाहणीत आली: किमान तीन महिन्यांपासून अधूनमधून होणारं, मधले दिवस पूर्ण मोकळे सोडणारं, संध्याकाळी किंवा रात्री येणारं, सांध्यात नसलेलं, झोपमोड करण्याइतकं तीव्र दुखणं. आजही वापरात असलेला सांगाडा मुळात हाच आहे. १९७० आणि ८० च्या दशकांत त्याला दोन गोष्टी जोडल्या गेल्या. एक, दुखणं दोन्ही पायांत असावं. दुसरी, डॉक्टरांच्या तपासणीत काहीही सापडू नये.

यातल्या 'दोन्ही पायां'नी बराच गोंधळ घातला. एकाच रात्री दोन्ही पाय दुखायला हवेत, की आज डावा आणि चार दिवसांनी उजवा असं चालेल? कडक अर्थ घेणाऱ्यांनी दुसऱ्या प्रकारची मुलं अभ्यासातून वगळली, सैल अर्थ घेणाऱ्यांनी ती धरली. वयाची मर्यादा, किती दिवसांनी दुखायला हवं, हात दुखले तर काय, यावरही एकमत नव्हतं. परिणाम आकड्यांत दिसतो. हे दुखणं किती मुलांना होतं, याची वेगवेगळ्या पाहण्यांतली उत्तरं शंभरात तिघांपासून जवळजवळ पन्नासांपर्यंत पसरलेली आहेत. २००४ मध्ये ऑस्ट्रेलियात चार ते सहा वर्षांच्या मुलांची काळजीपूर्वक पाहणी झाली, तेव्हा आकडा सुमारे ३७ टक्के निघाला. माझ्या मते या वादात सैल अर्थच बरोबर आहे. बाजू बदलणारं दुखणं सहसा काळजीचं नसतं. काळजीचं असतं ते रोज एकाच पायात, एकाच जागी, बोट ठेवून दाखवता येईल असं दुखणं.

२०२२ मध्ये या विषयावरचे शंभराहून अधिक अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा व्याख्येची अवस्था उघडी पडली. रात्रीची किंवा संध्याकाळची वेळ जेमतेम निम्म्या लेखांत सांगितलेली होती. 'शारीरिक तपासणी निर्दोष असावी' ही अट तर साधारण तिघांपैकी एकाच लेखात होती. मला हा दुसरा आकडा जास्त खटकतो. बाकीची सगळी लक्षणं घरच्यांच्या सांगण्यावर ठरतात आणि मध्यरात्री अर्धवट झोपेत पाहिलेलं सांगताना ती सरमिसळ होतात. मुलाला उजेडात उभं करून, चालवून, सांधे हलवून पाहणं हीच एक गोष्ट अंदाजावर नसते, आणि नेमकी तीच लिहायची राहून जाते.

एक नमुना घेऊ. सहा वर्षांची मुलगी, गेले पाच महिने आठवड्यातून एखाद-दोनदा रात्री अकराच्या सुमारास उठते. बहुतेक वेळा तो दिवस पळापळीचा असतो. दुखणं नडगीच्या पुढे, पोटऱ्यांत किंवा गुडघ्यामागच्या लवणीत, कधी दोन्हीकडे, कधी एकीकडे. आई पाय चोळते, वीस मिनिटांत मूल झोपतं. सकाळी ती पळत सुटते. इथे चोळू देणं हीच मोठी खूण आहे. हाडात जंतुसंसर्ग किंवा गाठ असलेलं मूल दुखऱ्या जागेला सहसा हात लावू देत नाही. हे मूल मात्र स्वतः पाय पुढे करतं.

डॉक्टरांकडे तिला आधी नुसतं चालायला लावतात, मग टाचांवर आणि चवड्यांवर. मांडी-पोटरीच्या हाडांवरून बोटं फिरवत कुठे दाबल्यावर ती दचकते का ते बघतात. गुडघा आणि घोटा दोन्ही बाजूंनी ताडून पाहतात. खुबा आत-बाहेर फिरवून बघायलाच हवा, कारण खुब्याचा आजार मुलांत पुष्कळदा गुडघ्यात दुखतो. चार ते आठ वर्षांच्या वयात खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटण्याचा एक आजार होतो, त्यात मूल 'गुडघा दुखतो' म्हणत लंगडतं आणि गुडघ्याच्या एक्स-रेत काहीच दिसत नाही. याशिवाय अंगावरचे न सांगता येणारे काळे-निळे डाग, फिकेपणा, मानेतल्या-काखेतल्या गाठी, पोटात वाढलेली प्लीहा हेही पाहतात. या मुलीत यातलं काही नाही. तिची उंची-वजन वयाला साजेसं वाढतं आहे. तिला रक्त तपासणीची किंवा एक्स-रेची गरज नाही, आणि ती न करणं हा हलगर्जीपणा नव्हे.

आता याच गोष्टीत दोन तपशील बदलू. दुखणं रोज रात्री, उजव्या मांडीच्या त्याच जागी, आणि आयबुप्रोफेन दिलं की चटकन थांबतं. औषधानं थांबलं म्हणजे साधंच असावं, हा सॅलिसिलेटच्या काळातलाच तर्क इथे उलटा फिरून येतो. हाडातली एक निरुपद्रवी पण फार दुखणारी लहान गाठ नेमकी अशीच वागते: रात्री जोर, आयबुप्रोफेनसारख्या औषधानं छान आराम. सुरुवातीच्या साध्या एक्स-रेत ती निसटूही शकते, मग सीटी स्कॅन लागतो. दुसरा बदल असा समजा: रात्री फार उठत नाही, पण सकाळी पाय आखडलेले, पहिला तासभर लंगडतं आणि दुपारी ठीक. ही वेळ वाढीच्या दुखण्याच्या बरोबर उलट आहे. तिथे मुलांच्या सांधेदाहाचा विचार आधी करायचा, सांधा फार सुजलेला दिसत नसला तरी. आणि दुखण्याबरोबर आठवड्यांपासून अधूनमधून ताप, वजन उतरणं, फिकेपणा किंवा चालायलाच नकार असेल, तर त्याच दिवशी दाखवायचं. रक्ताच्या कर्करोगात हाडं दुखतात आणि काही मुलांत सुरुवातीची रक्तपेशींची मोजणी जवळजवळ सामान्य येते. म्हणून एका चांगल्या रिपोर्टवर विसंबून लंगडणं दुर्लक्षित करता येत नाही.

मग या दुखण्याचं कारण काय? नावातली वाढ तरी बहुधा नव्हे. मुलं सर्वांत झपाट्यानं वाढतात ती पहिल्या वर्षात आणि पौगंडावस्थेत, तर हे दुखणं साधारण तीन ते बारा या दरम्यान, वाढीचा वेग मध्यम असताना येतं. या शतकात काही लहान अभ्यासांत या मुलांना दाबाची वेदना लवकर जाणवते असं दिसलं. काहींत हाडांची घनता थोडी कमी निघाली. अस्वस्थ पायांचा, म्हणजे पडल्यावर पाय सारखे हलवावेसे वाटण्याचा, विकार असलेल्या घरांत हे दुखणं जास्त दिसतं, असंही आढळलं. थकव्याचा सिद्धांत सर्वांत जुना आहे आणि घरच्यांच्या अनुभवाशी जुळतोही, पण तोही पूर्ण पुरा पडत नाही. दिवस नुसता बसून गेला तरी काही रात्री दुखतंच.

उपचारांचा इतिहास तोकडा आहे. १९८८ मध्ये एका छोट्या चाचणीत पालकांनी रोज मुलांच्या मांड्या-पोटऱ्यांना हलका ताण दिला, आणि ती मुलं न ताणलेल्यांपेक्षा लवकर मोकळी झाली. चोळणं, शेक आणि फारच दुखलं तर वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल यापलीकडे फार काही लागत नाही. अॅस्पिरिन मात्र नाही. १९८० च्या दशकात मुलांतल्या यकृत-मेंदूच्या एका घातक आजाराशी त्याचा संबंध लक्षात आल्यापासून मुलांच्या साध्या दुखण्यासाठी ते मागे पडलं.

एकदा 'वाढीचं दुखणं' असं लिहिलं गेलं की ते निदान मुलाला वर्षानुवर्षं चिकटतं, आणि नंतरची प्रत्येक तक्रार त्याच खात्यात टाकली जाते. त्या सहा वर्षांच्या मुलीच्या कागदावर म्हणून आणखी एक ओळ असावी लागते: दुखणं एका बाजूला स्थिरावलं, सकाळी टिकलं किंवा ती लंगडली, तर तपासणी पुन्हा पहिल्यापासून करायची.