प्रतिसादसंकेत, लघुव्हिडिओंचे

रील, शॉर्ट यांसारख्या लघुव्हिडिओंवर प्रेक्षकाने केलेली आणि आकड्यांत नोंदली जाणारी कृती. लाइक, कमेंट, सेव्ह आणि शेअर हे यांतले चार प्रमुख संकेत. त्यांतला सर्वांत अर्थपूर्ण कोणता, यावर एकमत नाही. इन्स्टाग्रामचे प्रमुख ॲडम मोसेरी यांनी २०२५ च्या सुरुवातीला पाहण्याचा वेळ, लाइक आणि शेअर हे तीन महत्त्वाचे घटक सांगितले. फॉलोअरांपर्यंत पोहोचताना लाइकला आणि अनोळखी प्रेक्षकांपर्यंत पोहोचताना शेअरला थोडे अधिक वजन असते, असे त्यांचे म्हणणे होते. नव्या प्रेक्षकांच्या शोधात असलेल्याने शेअरला झुकते माप द्यावे, हे त्यामुळे सयुक्तिक ठरते. मात्र विषय पाहूनच.

कोल्हापुरातली दोन उदाहरणे घेऊ. आकडे केवळ समजण्यासाठी आहेत. तांबड्या रश्श्याची कृती दाखवणारी रील २०,००० खात्यांपर्यंत पोहोचली, ५०० सेव्ह व १२० शेअर मिळाले. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीला आल्याची रीलही तेवढ्याच खात्यांपर्यंत गेली, तिला ३० सेव्ह व ९०० शेअर मिळाले. पहिलीचा सेव्हदर २.५ टक्के, दुसरीचा शेअरदर ४.५ टक्के. रस्सा रविवारी करायचा असतो, म्हणून कृती जपून ठेवली जाते. पाण्याची बातमी आत्ताच पाव्हण्यांना कळवायची असते आणि दुसऱ्या दिवशी ती शिळी होते. म्हणून रश्श्याची रील शेअर कमी म्हणून फसली, असे म्हणता येत नाही.

शेअरच्या मोजणीतही त्रुटी आहे. व्हिडिओ डाउनलोड करून गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, तर ते पुढचे फॉरवर्ड मूळ रीलच्या शेअरमध्ये धरले जात नाहीत. पूरकाळात हेच सर्रास होते, त्यामुळे दिसणारा आकडा खऱ्या प्रसारापेक्षा कमी असतो.

कमेंट सर्वांत सहज फुगते. ‘सगळ्यात भारी मिसळ कुठली?’ एवढे विचारले की वाद पेटतो, शिवाय व्हिडिओकर्त्याने दिलेली उत्तरेही एकूण संख्येत धरली जातात. ती वजा करून, वेगवेगळ्या किती खात्यांनी लिहिले हे पाहावे. लाइक दोनदा टिचकी मारून जाते. आपल्याच जुन्या रीलशी तुलना करण्यापुरते ते उपयोगी.

दर काढताना भाजक व्ह्यूज नव्हे, रीच म्हणजे रील पोहोचलेल्या वेगवेगळ्या खात्यांची संख्या घ्यावी. एकाच खात्याने तीनदा पाहिले तर व्ह्यूज तीन होतात, रीच एकच राहतो. परत परत पाहिली जाणारी कृतीची रील व्ह्यूजने भागल्यास उगाच कमकुवत दिसते. तुलना करायच्या रील्सचे आकडे प्रसिद्धीनंतर सारख्याच अवधीने, उदाहरणार्थ सातव्या दिवशी, टिपावेत. सेव्ह उशिरापर्यंत येत राहतात, शेअर बहुधा आधी येतात.

यूट्यूब शॉर्ट्सवर ३१ मार्च २०२५ पासून व्हिडिओ सुरू होताच व्ह्यू धरला जातो, पुन्हा चालल्यासही. त्या आधीचे आणि नंतरचे व्ह्यूजवर आधारलेले दर एका रांगेत मांडू नयेत.