तीन महिन्यांनंतरच्या डॉलरचा भाव आज कसा काय ठरतो?

भोसरीत आमच्या ओळखीचा एक कारखानदार आहे, जर्मनीच्या कंपनीला पार्ट पाठवतो, बिल मात्र डॉलरमध्ये. त्याचे वडील म्हणायचे, आमच्या वेळी डॉलरचा भाव आधीच पक्का करून ठेवायचं हे कव्हर-बिव्हरचं झंझट नव्हतं. आणि ते बरोबरच होतं कारण 1949 ते 1966 डॉलर 4.76 रुपयांवर जवळपास खिळलेला, मग जून 1966 मध्ये सरकारने एका फटक्यात 7.50 केला. म्हणजे रोजची धाकधूक नाही, पण बसला तर दणका मोठा. 1971 मध्ये अमेरिकेने डॉलरचं सोन्याशी असलेलं नातं तोडलं, मग जगभरचे रेट हलायला लागले. आपला रुपया मात्र 1975 पर्यंत पाउंडाला आणि नंतर काही चलनांच्या टोपलीला बांधलेला होता. जुलै 1991 मध्ये तीन दिवसांत दोनदा अवमूल्यन झालं, 1992 ला निर्यातदाराचे 40 टक्के डॉलर सरकारी रेटने आणि 60 टक्के बाजाराच्या रेटने असला अर्धवट कारभार, आणि मार्च 1993 पासून रेट पूर्ण बाजारावर. खरी डोकेदुखी तिथून सुरू झाली.

आता समजा त्याचं 1 लाख डॉलरचं बिल आहे, पैसे 90 दिवसांनी येणार, आज डॉलर 85 रुपये. तो बँकेशी आजच करार करतो की तीन महिन्यांनी हे डॉलर मी तुला 85.40 ला विकणार, झालं, 85 लाख 40 हजार पक्के. डॉलर 83 झाला तरी तेवढेच आणि 87 झाला तरी तेवढेच. 87 झाल्यावर लोक हळहळतात, पण कव्हर घेतलं होतं ते माल विकून कमवायचं म्हणून, डॉलरवर सट्टा लावायला नाही ना.

हे वरचे 40 पैसे म्हणजे बँकेचा अंदाज नव्हे, इथेच बहुतेकांचा घोळ होतो. बँक आजच डॉलर उधार घेऊन विकते आणि आलेले रुपये व्याजाने लावते, तीन महिन्यांनी तुमच्या डॉलरने ती उधारी फेडते. रुपयाचं व्याज साडेसहा, डॉलरचं साडेचार धरलं तर फरक दोन टक्के, तिमाहीला 85 वर साधारण 42 पैसे. त्यातून स्वतःचे दोन पैसे काढून उरलेला प्रीमियम बँक तुम्हाला देते.

लोचा होतो तो पैसे वेळेवर आले नाहीत की. करार तर डॉलर द्यायचा आहे आणि डॉलर हातात नाही, मग बँक करार कॅन्सल करते, म्हणजे तुम्हाला त्या दिवशीच्या रेटने डॉलर घेऊन 85.40 ला द्यावे लागतात. रेट 87 असेल तर 1 लाख 60 हजार खिशातून. ग्राहकाने उशिरा का होईना दिले तर वाढलेल्या रेटने बराचसा हिशोब भरून येतो, पण ऑर्डरच रद्द झाली तर तो निव्वळ तोटा. म्हणून हा कारखानदार आता ज्या गिऱ्हाइकाची सवय उशिराची आहे त्याच्या अर्ध्याच बिलाचं कव्हर घेतो, आणि नेमक्या तारखेऐवजी महिनाभरात कधीही डॉलर देता येतील अशी मुदत बँकेकडून मागून घेतो.