मीटरवर साडेबारा दाखवते, मग बॅटरी खराब कशी?

दुकानात हा प्रश्न आठवड्यातून दोनदा तरी येतो. लाइट गेली की पंखा चालतो, पण मिक्सर लावला की इन्व्हर्टर टूं-टूं करून बंद पडतो. बॅटरीला मीटर लावावा तर आकडा छान दिसतो. मीटर खोटे बोलत नाही. लोड नसताना बॅटरीतून करंट वाहतच नाही, त्यामुळे तिच्या पोटातला दोष दिसत नाही. तो दोष म्हणजे अंतर्गत रोध, आमच्या मिस्त्रींच्या भाषेत ‘इंटर्नल’. प्लेटा, अॅसिड आणि आतले जोड मिळून जो अडथळा करतात तो. करंट जितका जास्त, तितके व्होल्ट हा अडथळा आतच खातो.

तो मोजायला बॅटरी उघडावी लागत नाही. एकदा कमी लोडवर आणि एकदा जास्त लोडवर, असे दोनदा व्होल्टेज मोजायचे. व्होल्टेजमधल्या फरकाला करंटमधल्या फरकाने भागले की रोध मिळतो.

१५० अँपिअर-अवरच्या दोन ट्यूबुलर बॅटऱ्या घेऊ, एक नवी आणि एक जुनी. दोन्ही पूर्ण चार्ज. इन्व्हर्टरचा मेनचा प्लग काढून ठेवला, नाहीतर चार्जर मध्येच लुडबुड करतो. फक्त एक पंखा लावला तेव्हा बॅटरीच्या वायरीत ८ अँपिअर होते आणि नव्या बॅटरीवर १२.४६ व्होल्ट. मग १०० वॅटचे तीन पिवळे बल्ब जोडले. करंट झाला ४०, व्होल्टेज उतरले १२.१४ वर. फरक ०.३२ व्होल्ट, भागिले ३२ अँपिअर, म्हणजे ०.०१० ओहम.

जुनीवर तोच पंखा, तेच बल्ब. आधी ८ अँपिअरला १२.३०, नंतर ४३ अँपिअरला ११.२५. (व्होल्टेज पडले की तेवढेच वॅट द्यायला इन्व्हर्टर जास्त करंट ओढतो, म्हणून इथे ४० च्या जागी ४३.) फरक १.०५ भागिले ३५, म्हणजे ०.०३० ओहम. नवीच्या तिप्पट.

आता उलटा हिशेब करा. नवीत ८ अँपिअरला आत ०.०८ व्होल्ट खाल्ले गेले, १२.४६ मध्ये मिळवा: १२.५४. जुनीत ०.२४ खाल्ले गेले, १२.३० मध्ये मिळवा: तेच १२.५४. लोडशिवाय दोघींवर मीटर साडेबाराच दाखवणार! पण मिक्सर लावून ७० अँपिअर ओढले की जुनीत आतच २.१ व्होल्ट जातात आणि बाहेर उरतात १०.४४. बहुतेक इन्व्हर्टर साधारण साडेदहाला हात वर करतात.

एक रीडिंग लोडशिवाय घेऊन चालणार नाही का, असे काहीजण विचारतात. नुकत्याच चार्ज झालेल्या बॅटरीच्या प्लेटांवर वरवरचा चार्ज असतो. त्याने लोडशिवायचा आकडा फुगतो आणि लोड पडताच झर्रकन उतरतो. ती उतरण रोधाच्या खात्यावर जमा होते आणि चांगली बॅटरीही आजारी ठरते. म्हणून आधी पंखा आणि बल्ब मिनिटभर चालवून तो चार्ज जाऊ द्या, मग दोन्ही रीडिंग लोडवरच घ्या. प्रत्येक वेळी लोड बदलल्यावर सारखेच थांबा, आम्ही ३० सेकंद थांबतो.

सगळ्यात जास्त चूक होते ती मीटरची पिन टेकवण्यात. पिन बॅटरीच्या शिशाच्या खुंटावरच टेकवा, वायरीच्या लगवर नको. आमच्याकडे एक बॅटरी ‘गेली’ म्हणून आली होती. ४० अँपिअरला खुंट आणि लग यांच्यामध्येच ०.२ व्होल्ट मिळाले. टर्मिनलवर पांढरा थर साचला होता, बॅटरी ठणठणीत होती. गरम पाण्याने धुऊन, घासून, घट्ट आवळून वर पेट्रोलियम जेली लावली, एवढेच काम.

दोन लोडमध्ये भरपूर अंतर ठेवा. ८ आणि १२ अँपिअर घेतलेत तर नव्या बॅटरीत फरक येईल जेमतेम ०.०४ व्होल्ट, आणि मीटरचा शेवटचा आकडा एकाने इकडेतिकडे झाला तरी उत्तर पाव हिश्श्याने चुकेल. करंटसाठी क्लॅम्प मीटर डीसी मोजणारा हवा. नुसत्या एसीचा इथे कामाचा नाही.

बॅटरी अर्धवट चार्ज असेल, पाणी उतरले असेल किंवा थंडीची पहाट असेल तर रोध जास्तच दिसतो. बाजारातला छोटा डिजिटल टेस्टर वेगळ्या पद्धतीने मोजतो आणि बहुधा कमी आकडा देतो, त्याची या आकड्याशी तुलना करू नका.

नवी बॅटरी बसवताना आम्ही दोन्ही रीडिंग आणि लावलेला लोड वॉरंटी कार्डाच्या मागे लिहून देतो. तक्रार घेऊन येताना ते कार्ड आणि तोच पंखा-बल्ब लावून घेतलेले ताजे आकडे आणा.