कार्ड बदललं की वर्गणी कुठे तुटते: कार्ड अपडेटरची पार्श्वभूमी

दर महिन्याला आपोआप पैसे कापून घेणाऱ्या व्यवसायांना सगळ्यात जास्त त्रास होतो तो ग्राहकाचं कार्ड बदलल्यावर. ग्राहक नाराज नसतो, खात्यात पैसेही असतात, फक्त साठवलेला नंबर मेलेला असतो. यावर उपाय म्हणून 2000 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत व्हिसा, मास्टरकार्डसारख्या मोठ्या कार्ड नेटवर्कनी अपडेटर सेवा सुरू केल्या.

काम सरळ होतं. कार्ड देणारी बँक जुना नंबर, नवा नंबर आणि नवी मुदत नेटवर्ककडे कळवायची. व्यापाऱ्याची बँक साठवलेल्या नंबरांची फाइल तिथे पाठवायची आणि प्रत्येक नंबरापुढे उत्तर यायचं: नंबर बदलला, फक्त मुदत बदलली, खातं बंद झालं, किंवा ग्राहकालाच विचारा. कार्ड देणारी बँक या सेवेत नसेल तर काहीच हाती लागत नसे. फाइल वसुलीच्या तारखेनंतर पाठवली, तर तो हप्ता नाकारला जाणारच. डेटाचोरीनंतर बँकांनी एकदम लाखो कार्डं बदलली, तेव्हा परदेशात या सेवेची खरी किंमत कळली. भारतातही 2016 मध्ये सुमारे 32 लाख डेबिट कार्डांची माहिती धोक्यात आली आणि पुष्कळ कार्डं बदलावी लागली.

पुढे नंबराऐवजी टोकन आलं. व्यापाऱ्याकडे खरा नंबर राहतच नाही. त्याच्याकडे असतो त्या कार्डासाठी आणि त्याच व्यापाऱ्यासाठी काढलेला पर्यायी आकडा. कार्ड बदललं तर नेटवर्क तोच आकडा मागच्या बाजूने नव्या कार्डाला जोडू शकतं. व्यापाऱ्याला फाइल पाठवायची गरज नाही, ग्राहकाला पत्ताही लागत नाही.

इथेच आपल्याकडचा रस्ता वेगळा झाला. रिझर्व्ह बँकेने 7 सप्टेंबर 2021 च्या परिपत्रकाने व्यापाऱ्यांसाठी टोकनची वाट मोकळी केली, आणि मुदती वाढत वाढत 1 ऑक्टोबर 2022 पासून व्यापाऱ्यांना कार्डाची माहिती साठवणं बंद झालं. त्यामुळे नंबरांची फाइल पाठवून नवे नंबर मागवण्याची जुनी पद्धत देशातल्या व्यापाऱ्यांपुरती आधारच गमावून बसली. पण त्याच परिपत्रकातल्या एका छोट्या कलमाकडे फारसं कुणी पाहिलं नाही. कार्डाचं नूतनीकरण झालं किंवा ते बदललं, तर ग्राहकाने पूर्वी ज्या व्यापाऱ्यांकडे ते नोंदवलं होतं त्यांच्याशी नवं कार्ड जोडण्यासाठी कार्ड देणाऱ्या बँकेने त्याची स्पष्ट संमती घ्यायची. जे इतरत्र गुपचूप होतं, ते इथे विचारल्याशिवाय करायचं नाही.

माझ्या मते हे कलम योग्य आहे. परदेशात अपडेटरमधून बाहेर पडायची सोय असते, पण ती शोधायची जबाबदारी ग्राहकावर. त्यामुळे विसरलेली वर्गणी नव्या कार्डावरही वर्षानुवर्षं चालत राहते. कार्ड हरवणं ही निदान ती यादी पुन्हा पाहायची संधी असते. अडचण कलमात नाही, अंमलबजावणीत आहे. विचारायचं बँकेने, पण प्रत्यक्षात बहुतेकांना प्रत्येक व्यापाऱ्याच्या ॲपमध्ये जाऊन नवं कार्ड स्वतःच घालावं लागतं.

इंदूरला रामबागेत राहणाऱ्या एका काकूंचं उदाहरण घ्या. कार्ड हरवलं, बँकेने जुनं बंद करून नव्या नंबरचं पाठवलं. त्यांचा मराठी ई-पेपर, मोबाइलचं बिल आणि नातवाच्या ऑनलाइन शिकवणीची फी जुन्या कार्डावर होती. तिन्हींसाठी ॲपमध्ये नवा नंबर घालून, ओटीपी देऊन मँडेट, म्हणजे आपोआप पैसे कापायची परवानगी, पुन्हा नोंदवावं लागलं. मुलगी न्यू जर्सीला असते, तिचंही कार्ड त्याच सुमारास बदललं. तिथली वर्गणी एक महिनाही थांबली नाही. आई तिला विचारत राहिली, "तुला कसं गं काही करावं लागलं नाही?"

काकूंच्या बाबतीत आधीच कळायला एक खूण होती. 1 ऑक्टोबर 2021 पासून आवर्ती वसुलीच्या नियमांनुसार रक्कम कापण्याआधी निदान 24 तास बँकेचा मेसेज यायला हवा. 15,000 रुपयांपर्यंतच्या हप्त्याला दरवेळी ओटीपी लागत नाही, म्हणून हा मेसेज बहुतेकजण न वाचता पुसतात. तारीख जवळ आली आणि मेसेजच आला नाही, तर मँडेट तुटलंय का ते लगेच पाहावं. शिकवणीची फी अशीच हुकली, कारण व्यापाऱ्याने आठवण पाठवली ती काकूंच्या वापरात नसलेल्या ईमेलवर.

डिसेंबर 2023 मध्ये बँकेच्या बाजूनेच एकाच वेळी अनेक व्यापाऱ्यांसाठी टोकन काढायला परवानगी मिळाली. त्याआधीच्या नियमांतही कार्ड कुठेकुठे नोंदलेलं आहे ती यादी ग्राहकाला दाखवायची आणि हवं ते टोकन काढून टाकू द्यायची जबाबदारी बँकेवरच आहे. कार्ड ब्लॉक केल्यावर, नवं हातात येण्याआधी, ती यादी बँकेच्या ॲपमध्ये किंवा शाखेतून मागून लिहून ठेवावी. नवं कार्ड आलं की त्यातली जी नावं चालू ठेवायची आहेत, तेवढीच पुन्हा नोंदवावीत.